सरकारने गुन्हे मागे घेतले, मग तारखेला का जायचं?

पुण्यातल्या दत्तवाडीत किराणा दुकान चालवणारे एक काका मागे एकदा सकाळी सकाळी माझ्या ऑफिसात आले. आदल्या रात्री पोलीस त्यांच्या घरी येऊन गेले होते. कोर्टाच्या दोन तारखा चुकवल्यामुळे वॉरंट निघालं होतं. काका घाबरलेले कमी आणि चिडलेले जास्त होते. त्यांनी खिशातून घडी घालून ठेवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण काढलं आणि टेबलावर पसरलं. आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेण्याचा सरकारचा निर्णय, अशी बातमी होती.

"मॅडम, सरकारनेच मागे घेतलंय ना? मग आम्ही कशाला जायचं शिवाजीनगरला?"

शिवाजीनगर न्यायालयात वकिली करताना हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकावा लागतो की त्याचं उत्तर एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. थोडक्यात उत्तर असं की सरकारला फौजदारी खटला मागे घेताच येत नाही. खटल्यातून माघार घेण्याचा अधिकार कायद्याने दिलाय तो खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाला, आणि त्यालाही तो न्यायालयाच्या संमतीशिवाय वापरता येत नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय, शासन निर्णयाचा कागद, बातमी, यांपैकी कशानेच खटला संपत नाही. न्यायाधीश संमतीच्या आदेशावर सही करेपर्यंत आरोपी हा आरोपीच असतो, आणि त्याला तारखेला हजर राहावं लागतं.

पण हे असं का? गुन्हा पोलिसांनी नोंदवला, खटला सरकारने भरला, सरकारी वकिलाचा पगारही सरकारच देतं. मग सरकारनेच "आम्हाला नाही चालवायचा" म्हटल्यावर न्यायालयाने मध्ये का पडावं? उत्तर कायद्याच्या एका छोट्या वाक्यात दडलेलं आहे.

माघार घेतली की काय होतं

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३२१ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३६० झालं आहे. दोन्हीकडे सांगितलंय ते असं: खटला ज्याच्याकडे आहे तो सरकारी अभियोक्ता किंवा सहायक सरकारी अभियोक्ता, निकाल जाहीर होण्यापूर्वी कधीही, न्यायालयाच्या संमतीने, कोणत्याही आरोपीविरुद्धच्या खटल्यातून माघार घेऊ शकतो. सगळ्या आरोपांपुरती घेऊ शकतो, किंवा एखाद-दुसऱ्या आरोपापुरतीही.

पुढचं वाक्य महत्त्वाचं. दोषारोप निश्चित होण्याआधी माघार घेतली, तर आरोपीला विनादोषारोप सोडलं जातं. दोषारोप निश्चित झाल्यावर घेतली, किंवा ज्या छोट्या खटल्यांत असा दोषारोप ठेवण्याची गरजच नसते त्यांत घेतली, तर आरोपी दोषमुक्त होतो.

दोषमुक्त म्हणजे पुरावा तपासून, साक्षी ऐकून न्यायालयाने निर्दोष सोडल्यासारखंच. त्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही. उद्या सरकार बदललं, नवे कागद सापडले, फिर्यादीने कितीही आकांत केला, तरी ते दार बंद झालेलं असतं. विनादोषारोप सुटलेल्याच्या बाबतीत ते निदान किलकिलं तरी राहतं.

म्हणजे एकही साक्षीदार पिंजऱ्यात उभा न राहता, केवळ एका अर्जावर, निर्दोष सुटकेचा न्यायालयीन निकाल तयार होतो. ही ताकद संमतीशिवाय वापरता आली असती, तर निर्दोष सुटकेचा शिक्का मंत्रालयातल्या टेबलावर गेला असता. ज्याच्या हातात सत्ता, त्याच्या माणसांचे खटले गायब. म्हणून शिक्का न्यायालयाकडेच ठेवला आहे. अर्ज करायचा की नाही हे सरकारी वकिलाने ठरवायचं. पण त्या अर्जाचं निकालात रूपांतर करायचं की नाही, हे न्यायाधीशाने.

इथे एक बारकावा. आपण बोलताना "खटला मागे घेतला" म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत अभियोक्ता खटल्यातून माघार घेतो. हातातलं काम सोडतो, इतकंच. ते काम सोडणं योग्य कारणासाठी आहे का, हे ज्याच्यासमोर काम चाललंय त्याने विचारणं मग स्वाभाविक ठरतं.

आणि हे दुसऱ्या मार्गांपासून वेगळं ओळखायला हवं, कारण लोक सगळं एकाच पोत्यात घालतात. पोलिसांनी तपासाअंती फिर्याद खोटी ठरली म्हणून "बी समरी" किंवा गैरसमजातून वा दिवाणी वादातून आलेली ठरली म्हणून "सी समरी", म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, न्यायालयाकडे पाठवणं हा वेगळा मार्ग. तो दोषारोपपत्राच्या आधीचा. फिर्यादी आणि आरोपीने आपसात मिटवून घेणं म्हणजे तडजोड. ती ठरावीक गुन्ह्यांतच चालते आणि तिची किल्ली ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे असते. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करणं हा तिसरा रस्ता. माघारीच्या रस्त्यावर पहिलं पाऊल फक्त सरकारी वकील टाकू शकतो. आरोपीला असा अर्ज करता येत नाही, न्यायालयही आपणहून "माघार घ्या" म्हणत नाही. चेक न वटल्याच्या खटल्यासारख्या खासगी तक्रारीत तर सरकारी वकिलाचा संबंधच नसतो.

एक खटला घेऊन पाहू

काकांच्या खटल्याचे तपशील मी इथे सांगणार नाही. त्याऐवजी एक कल्पित खटला घेऊ.

समजा २०१९ च्या उन्हाळ्यात पाणीकपातीच्या विरोधात सिंहगड रस्त्यावर रास्ता रोको झाला. दोन तास वाहतूक अडली. शेवटी गोंधळ झाला, दगड उडाले. एका ज्यूसच्या दुकानाची मोठी काच फुटली, नुकसान ३८,००० रुपये. त्याच दुकानातल्या एका पोऱ्याच्या कपाळाला दगड लागला, चार टाके पडले. पोलिसांनी अठरा जणांवर गुन्हा नोंदवला: बेकायदा जमाव, दंगा, लोकांना अडवणं, मालमत्तेचं नुकसान, आणि दगडाने दुखापत. सीसीटीव्हीत एकच जण दगड मारताना स्पष्ट दिसतो. त्याला आरोपी क्रमांक अकरा म्हणू. दोषारोपपत्र दाखल झालं, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दोषारोप निश्चित झाले, पण साक्षी काही सुरू झाल्या नाहीत. काही वर्षं नुसत्या तारखा.

मग राज्य सरकारने ठरवलं की सामाजिक-राजकीय आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे. महाराष्ट्रात असे शासन निर्णय वेळोवेळी निघत आले आहेत. त्यांत साधारणपणे अटी असतात: जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचं नुकसान ठरावीक मर्यादेच्या आत असावं, दोषारोपपत्र अमुक तारखेच्या आधीचं असावं. एक समिती खटले छाननी करून यादी बनवते, आणि यादीतल्या खटल्याचं पत्र न्यायालयातल्या सहायक सरकारी अभियोक्त्याच्या टेबलावर येतं.

बातमी इथे छापून येते. कायद्याच्या दृष्टीने मात्र इथून सुरुवात होते.

अभियोक्त्याने आता काय करायचं? सर्वात सोपं म्हणजे एका ओळीचा अर्ज खरडायचा: "शासनाच्या आदेशानुसार सदर खटल्यातून माघार घेण्यास परवानगी मिळावी." असे अर्ज मी डोळ्यांनी पाहिलेत, आणि असा अर्ज फेटाळला जाणं हेच योग्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या एका निकालात म्हटलं आहे की सरकारी वकिलाने पोस्ट ऑफिससारखं वागू नये. सरकारचं पत्र घ्यायचं आणि न्यायालयाकडे ढकलायचं, हे त्याचं काम नव्हे. सरकारने सुचवणं चूक नाही. सुचवलं म्हणून अर्ज बाद होत नाही. पण खटल्याचे कागद वाचून, माघार घेणं लोकहिताचं आहे का, याचं मत वकिलाने स्वतः बनवायला हवं, आणि ते मत अर्जात दिसायला हवं.

आपल्या खटल्यातला अभियोक्ता कष्टाळू आहे असं धरू. तो फाइल उघडतो. अठरांपैकी सतरा जणांविरुद्ध पुरावा काय, तर ते जमावात होते. आंदोलन पाण्यासाठी होतं, त्याची मागणी नंतर बऱ्याच अंशी मान्य झाली, भागात पुन्हा गडबड झालेली नाही. आरोपींत दुकानदार आहेत, रिक्षावाले आहेत, एक शाळेतली शिक्षिका आहे. कित्येक वर्षं तारखा करतायत. हे सगळं लिहिण्याजोगं आहे. पण आरोपी क्रमांक अकराचं काय? त्याचा दगड आंदोलनाचा भाग म्हणायचा का? जखमी पोऱ्याने कोणतीही तडजोड केलेली नाही.

इथे कलमातली ती मोकळीक कामी येते. माघार सगळ्यांसाठी घ्यायलाच हवी असं नाही. अभियोक्ता अर्ज करतो तो सतरा जणांपुरता. अकरा क्रमांकाच्या आरोपीवर बेकायदा जमावाचा आरोप सोडून देतो, पण दुखापत आणि काच फोडल्याचा आरोप तसाच ठेवतो. शासनाच्या यादीत पूर्ण खटला होता, तरी. मला विचाराल तर सरकारी वकील स्वतंत्र विचार करतो याचा इतका ठोस पुरावा दुसरा नाही. असा अर्ज क्वचित दिसतो, हेही तितकंच खरं.

फाइलमध्ये आणखी एक गाठ निघते. आरोपी क्रमांक तीन तेव्हा साधा कार्यकर्ता होता. नंतर तो एकदा आमदार झाला, मग हरला. १० ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की आजी किंवा माजी खासदार-आमदारांवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही. म्हणजे क्रमांक तीनसाठी आधी मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश हवा. बाकी सोळांसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची संमती पुरेशी. नगरसेवक असता तर ही अट लागली नसती.

जमाव तिथे न थांबता शिवाजीनगर स्टेशनात घुसून रेल्वेची मालमत्ता फोडून आला असता, किंवा खडकीत लष्कराच्या मालमत्तेवर दगड पडले असते, तर आणखी एक कुलूप. केंद्र सरकारच्या मालमत्तेचं नुकसान, सीबीआयने केलेला तपास, कामावर असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा, किंवा केंद्राच्या अखत्यारीतल्या विषयाचा कायदा, यांपैकी काही असेल आणि अभियोक्ता राज्याने नेमलेला असेल, तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्याला अर्जच करता येत नाही. आणि न्यायालयाने ती परवानगी कागदावर मागून बघायची असते. पुण्यात कॅम्प, खडकी, रेल्वे हे सगळं हाताच्या अंतरावर असल्यामुळे हा मुद्दा दुर्लक्षित राहिला की नंतर महागात पडतो.

न्यायाधीश नेमकं काय तपासतो

अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आला. आता लोकांचा मोठा गैरसमज: न्यायाधीश पुरावा पुरेसा आहे का ते बघतो, पुरेसा असेल तर नाही म्हणतो. तसं नाही. १९५७ साली बिहारमधून आलेल्या रामनरेश पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली चौकट आजही पाया आहे. संमती देणं हे न्यायिक काम आहे, यांत्रिक नव्हे. पण त्यासाठी न्यायालयाने खटल्याचा निकाल आधीच लावायला बसायचं नाही. बघायचं ते हे की अभियोक्त्याने आपला अधिकार गैरवापराने तर वापरलेला नाही ना, आणि भलत्या कारणासाठी न्यायाची वाट अडवण्याचा हा प्रयत्न तर नाही ना.

त्यामुळे पुरावा भक्कम असूनही संमती मिळू शकते आणि पुरावा पातळ असूनही नाकारली जाऊ शकते. आणीबाणीतल्या बडोदा डायनामाइट प्रकरणात जॉर्ज फर्नांडिस आणि इतरांवरचा खटला पुढे जनता सरकार आल्यावर मागे घेण्यात आला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती माघार कायम ठेवली. राजकीय संघर्षातून घडलेल्या गुन्ह्यात व्यापक लोकहिताचा विचार करून माघार घेता येते, हे तिथे मान्य झालं. पुरावा कमी आहे एवढंच कारण लागतं असं नाही.

पण हाच दरवाजा सत्तेवरच्या माणसालाही उघडा राहतो, आणि म्हणूनच १९८६ चा शिवनंदन पासवान खटला वकिलांना इतका खटकतो. पाटण्याच्या एका नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावर खटला भरला गेला होता. ते पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि माघारीचा अर्ज आला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी माघार कायम ठेवली. तत्कालीन सरन्यायाधीश भगवती अल्पमतात होते. बहुमताचं म्हणणं, न्यायालयाने अभियोक्त्याच्या जागी बसून पुरावा पुन्हा तोलायचा नाही. त्याने प्रामाणिकपणे विचार केला एवढं बघायचं. मला व्यक्तिशः अल्पमत जास्त पटतं. ज्या सरकारच्या प्रमुखावर खटला आहे, त्याच सरकारने नेमलेल्या वकिलाच्या प्रामाणिकपणावर विसंबून राहायचं, हे मांडायला सोपं आणि पचायला अवघड आहे. पण कायदा बहुमताने ठरतो.

न्यायालयाने "नाही" म्हटल्याचं सगळ्यात उठून दिसणारं उदाहरण केरळचं आहे. १३ मार्च २०१५ रोजी अर्थमंत्री के. एम. मणी विधानसभेत अर्थसंकल्प मांडत असताना विरोधी बाकांवरच्या डाव्या आमदारांनी अध्यक्षांच्या व्यासपीठावर चढून खुर्च्या, संगणक, माइक फोडले. नुकसान २,२०,०९३ रुपये. २०१६ मध्ये तेच पक्ष सत्तेवर आले आणि २०१८ मध्ये सरकारी वकिलाने माघारीचा अर्ज केला. तिरुवनंतपुरमच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो फेटाळला, केरळ उच्च न्यायालयानेही दाद दिली नाही, आणि २८ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ सरकारचं अपील फेटाळलं. सभागृहातल्या विशेषाधिकारात सार्वजनिक मालमत्ता फोडण्याचा अधिकार येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. माझ्या मते या निकालातली आणखी महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यात दिलेली कसोटी: गुन्हा किती गंभीर आहे, सार्वजनिक जीवनावर त्याचा काय परिणाम होतो, सार्वजनिक पैसा किंवा सार्वजनिक जबाबदारी त्यात गुंतली आहे का, हे संमती देताना बघायचं. रकमेकडे पाहिलं तर सव्वादोन लाखही नाहीत. पण आरोपी कायदा करणारेच होते.

कधी कधी माघारीमागे कपट नसतं, नुसती घबराट असते. जुलै २००० मध्ये चंदनतस्कर वीरप्पनने कन्नड अभिनेते राजकुमार यांचं अपहरण केलं. त्याच्या मागण्यांमध्ये टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली तुरुंगात असलेल्यांची सुटका ही एक होती. कर्नाटकातल्या अभियोक्त्याने त्या खटल्यांतून माघारीचा अर्ज केला आणि विशेष न्यायालयाने संमती दिली. वीरप्पनच्या टोळीने मारलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याचे वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २००० मध्ये न्यायालयाने ती संमती रद्द केली. सरकार दबावाखाली आहे म्हणून माघार घेणं आपोआप लोकहिताचं ठरत नाही. या सुटकेने नेमकं काय साधणार आणि काय गमावणार, याचा विचार ना अभियोक्त्याने केला होता ना संमती देणाऱ्या न्यायालयाने. हे प्रकरण नव्या वकिलांना मी मुद्दाम वाचायला सांगते, कारण यात एका त्रयस्थाने, आरोपीही नाही आणि त्या खटल्याचा फिर्यादीही नाही अशा बापाने, संमतीला आव्हान दिलं आणि ते ऐकलं गेलं.

सिंहगड रस्त्यावर परत

आपल्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी अर्ज वाचला. चांगल्या न्यायालयात इथे प्रश्न विचारले जातात. दगड मारणारा वेगळा का काढला? सतरांपैकी कुणावर दुसरा गंभीर गुन्हा आहे का? दुकानदाराला भरपाई मिळाली का?

दुकानदारासारख्या पीडिताला विचारणं तर नव्या कायद्याने पक्कं केलं आहे. कलम ३६० मध्ये अशी तरतूद जोडली गेली की पीडिताला म्हणणं मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालय माघारीला परवानगी देणार नाही. जुन्या ३२१ मध्ये हे लिहिलेलं नव्हतं. आपला खटला २०१९ चा आणि १ जुलै २०२४ ला प्रलंबित होता, त्यामुळे तो जुन्या संहितेनेच चालेल. ज्यूसवाल्याला नोटीस काढण्याची सक्ती कलमात शब्दशः नाही. तरीही समंजस न्यायाधीश त्याला बोलावतो, आणि त्याने बोलावं असं मी म्हणेन. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनाच्या एका प्रकरणात पीडिताला तपासापासून पुढे प्रत्येक टप्प्यावर ऐकलं जाण्याचा हक्क आहे, असं स्पष्ट केलं आहे. दुकानदाराने लेखी म्हणणं दिलं की सतरा लोकांबद्दल तक्रार नाही, काचेचे पैसे मात्र अजून कुणी दिले नाहीत, तर त्या एका कागदाने न्यायाधीशाचं काम बरंच सोपं होतं. पीडिताचा विरोध म्हणजे नकार, असं मात्र नाही. ऐकून घेणं वेगळं आणि मानणं वेगळं.

मग आदेश येतो. तो वाचायची एक पद्धत आहे. "अर्ज वाचला. उभय पक्षांना ऐकलं. परवानगी दिली." एवढाच आदेश असेल तर आरोपींनी खूश होऊ नये, कारण कारणं नसलेली संमती वरच्या न्यायालयाच्या पुनरीक्षणात टिकणं कठीण. पुनरीक्षण अर्जाची मुदत साधारण ९० दिवसांची. तेवढ्यात दुकानदार सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जाऊ शकतो. अर्जातली कारणं, न्यायाधीशाने त्यांवर केलेला विचार, कोणत्या आरोपीपुरती आणि कोणत्या कलमापुरती संमती, आणि आरोपी विनादोषारोप सुटला की दोषमुक्त झाला, हे आदेशात ठसठशीत असायला हवं. आपल्या खटल्यात दोषारोप निश्चित झालेले होते, म्हणून सोळा जण दोषमुक्त. क्रमांक तीन उच्च न्यायालयाची वाट बघतो. क्रमांक अकरावर खटला पुढे चालू.

संमती नाकारली असती तर? तर अभियोक्त्याला खटला चालवावा लागला असता, आणि सरकारला वरच्या न्यायालयात जावं लागलं असतं. इथे वास्तव थोडं कडू आहे. ज्याला खटला चालवायचाच नव्हता, तो वकील साक्षीदारांची सरतपासणी जोमाने घेईल, त्यांना वेळेवर हजर करेल, अशी अपेक्षा ठेवणं भाबडेपणाचं आहे. न्यायालयाचा नकार माघार रोखू शकतो; उत्साह निर्माण करू शकत नाही. विधानसभेच्या त्या खटल्यातही निकालाने खटला चालवण्याचा रस्ता मोकळा केला, एवढंच.

सुटलेल्या सोळांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. आदेशाची प्रमाणित नक्कल लगेच काढून ठेवा आणि जपून ठेवा. पासपोर्टची किंवा नोकरीची पोलीस पडताळणी होते तेव्हा पोलीस ठाण्याच्या नोंदीत गुन्हा दिसतो, निकाल दिसेलच असं नाही. वर्तमानपत्राचं कात्रण तिथे कुणी बघत नाही.

काकांचं त्या दिवशी आधी वॉरंट रद्द करून घेतलं. न्यायाधीशांनी समज दिली, दंड भरायला लावला, पुढच्या तारखेला हजर राहण्याचं लिहून घेतलं. त्यांच्या खटल्याचं नाव समितीच्या यादीत आहे की नाही हे बघायला आम्ही सहायक सरकारी अभियोक्त्यांकडे गेलो. त्यांनी टेबलावरचा गठ्ठा उपसून यादी काढली. नाव होतं. अर्ज मात्र अजून लिहिलेला नव्हता.

"कधी देणार, साहेब?" काकांनी विचारलं.

"आधी फाइल वाचू द्या की," ते म्हणाले.

काका बाहेर आल्यावर कुरकुरले. मी त्यांना म्हटलं, ही फाइल ते वाचतायत ना, तेच बरं आहे तुमच्यासाठी. पुढची तारीख सतरा तारखेची होती. ती त्यांनी कात्रणाच्या मागच्या बाजूला लिहून घेतली.